पोचल्यावर मेसेज कर

पहिल्यांदा भेटलेली दोन माणसं निरोप घेताना एकमेकांना बहुधा हेच सांगतात. तिथून पुढच्या चोवीस तासांत साधारण दोन मेसेज महत्त्वाचे असतात, एक त्याच रात्रीचा आणि एक दुसऱ्या दिवशीचा. दोघांची कामं वेगळी आहेत. रात्रीच्या मेसेजनं झालेली भेट नीट पूर्ण करायची असते. दुसऱ्या दिवशीच्या मेसेजनं पुढे काय, ते विचारायचं किंवा सांगायचं असतं. ही कामं एकमेकांत मिसळली की सूर बिघडतो. समोरासमोर छान रंगलेल्या कितीतरी ओळखी भेटीत नाही, तर या चोवीस तासांत विरतात, आणि दोन्हीकडच्या माणसांना शेवटपर्यंत कळत नाही की नेमकं काय झालं. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

समजा, पुण्यातली शनिवारची संध्याकाळ आहे. तिशीच्या आसपासचे दोघं डेक्कनला एका कॅफेत सात वाजता भेटले. ओळख डेटिंग ॲपवरची, आठवडाभराच्या चॅटिंगनंतरची. तो कोथरूडचा, ती पिंपरीची. तो वीस मिनिटं उशिरा आला, त्यावरून तिनं त्याची थट्टा केली आणि दोघं हसले. तिनं आजोळचं, राजापूरचं सांगितलं. तिथली गंगा मध्येच कधीतरी प्रकट होते आणि मग सगळं गाव तिकडे लोटतं, हे ऐकून तो थक्क झाला. त्यानं सांगितलं की तो या वयात पोहायला शिकतोय आणि पहिल्यांदा कठड्यावरचा हात सोडला तेव्हा शेजारी सात-आठ वर्षांची मुलं टाळ्या वाजवत होती. साडेनऊला दोघं उठले. तिनं डेक्कनहून मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलून ती पिंपरीला गेली. तो रिक्षानं दहा मिनिटांत घरी.

आता ती मेट्रोत बसून लिहायला घेते. पहिलं सुचतं ते असं: "पुढच्या वेळी वेळेवर ये हं, नाहीतर मी निघून जाईन." कॅफेत हेच वाक्य गोड वाटलं असतं, कारण सोबत तिचे डोळे होते, आवाज होता. स्क्रीनवर फक्त शब्द पोचतात. त्यानं ते वाचलं तर त्याला वाटू शकतं की उशीर तिला खरोखरच खटकला होता.

यावर 2005 मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं ईमेलवर लिहून पाठवायला सांगितली. वाचणाऱ्याला आपला सूर शंभरापैकी साधारण 78 वेळा बरोबर कळेल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो कळला 56 वेळा. पर्याय दोनच होते, म्हणजे डोळे झाकून अंदाज केला असता तरी निम्म्या वेळा बरोबर ठरला असता. हीच वाक्यं आवाजातून ऐकवली तेव्हा मात्र सूर बराच नीट पोचला. कारण सरळ आहे. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, आणि तो समोरच्यालाही ऐकू जातोय असं आपण धरून चालतो. जुन्या मित्राला तो ऐकूही जातो, कारण आपला आवाज त्याच्या ओळखीचा असतो. दोन तासांपूर्वी पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला तो अजून पाठ झालेला नसतो. म्हणून त्या रात्री टोमणा, लटका राग, उलट अर्थाची वाक्यं बाजूला ठेवावीत. थट्टेसाठी पुढच्या भेटी आहेत.

तिला दुसरं सुचतं ते इंग्रजी: "रीच्ड होम. थँक्स फॉर द इव्हनिंग." यात चूक काही नाही, पण दोन तास मराठीत गप्पा मारून मेसेज इंग्रजीत आला की ते एखाद्या बैठकीनंतरचं आभारपत्र वाटतं. आपल्याकडे संकोच आला की इंग्रजीचा आडोसा घ्यायची सवय आहे; भावना थोडी दूर राहते आणि लिहिणाऱ्याला सुरक्षित वाटतं. वाचणाऱ्यापर्यंत मात्र ते अंतरच आधी पोचतं. भेटीत जी भाषा होती, तीच मेसेजमध्ये ठेवावी. इंग्रजी मिसळून बोलला असाल तर तशीच. 'तू'वर आला असाल तर 'तू'च, 'तुम्ही'वर असाल तर रात्रीच्या मेसेजमध्ये एकतर्फी 'तू' करू नये. लिपीचा प्रश्न गौण आहे. बहुतेक जण रोमन अक्षरांत मराठी लिहितात, आणि त्यानं सूर बिघडत नाही.

शेवटी ती घरी पोचल्यावर साडेदहाच्या सुमारास लिहिते: "पोचले. सिव्हिल कोर्टला लगेच मेट्रो मिळाली. आज खूप छान वाटलं. तू कठड्यावरचा हात सोडलास आणि त्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, ते आठवून मेट्रोत एकटीच हसत होते."

हा मेसेज चांगला का आहे, ते नीट बघायला हवं. सुरुवातीला पोचल्याची खबर आहे, म्हणजे निरोप घेताना दिलेला शब्द पाळला. मग 'छान वाटलं' हे आडपडदा न ठेवता सांगितलंय. आणि शेवटी संध्याकाळचा एक नेमका तुकडा आहे, जो या दोघांखेरीज कुणाला माहीत नाही. 'मजा आली, भेटू परत' हे कुणालाही पाठवता येतं. पोरांच्या टाळ्यांचं वाक्य फक्त त्यालाच पाठवता येतं. तिनं लक्ष देऊन ऐकलं होतं, हे त्यातून कळतं, आणि पहिल्या भेटीनंतर माणसाला सगळ्यात जास्त हवं असतं ते हेच.

हे सरळ सांगणं गरजेचं का, याला आणखी एका संशोधनाचा आधार आहे. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की अनोळखी माणसांच्या गप्पा झाल्यावर दोघांनाही वाटतं, आपण समोरच्याला फारसे आवडलो नाही. प्रत्यक्षात ते वाटतं त्यापेक्षा जास्त आवडलेले असतात. आपण आपल्या अडखळण्याचा हिशेब मांडत बसतो आणि समोरच्याचं हसू त्या हिशेबात धरत नाही. आपल्या उदाहरणातला तो रिक्षात बसून उशिराबद्दल आणि पोहण्याची गोष्ट लांबवल्याबद्दल स्वतःला बोल लावत असेल, आणि तिकडे ती त्याच गोष्टीवर हसत असेल. एका साध्या वाक्यानं ही दरी बुजते, आणि ते बोललं नाही तर दोघं आपापल्या घरी चुकीच्या समजुतीवर झोपतात.

तिच्या मेसेजमध्ये काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. पुढच्या भेटीचा दिवस नाही. रात्री साडेदहाला दिवस ठरवायला गेलं की समोरच्याला भेट मनात मुरण्याआधीच होकार किंवा नकार द्यावा लागतो, आणि अशा वेळी आलेल्या 'बघू'चा अर्थ लावत रात्र जाते. दिसण्याचं कौतुकही नाही. भेटीत "हा रंग तुला छान दिसतो" म्हणणं वेगळं. रात्री अकराच्या पुढे तेच लिहिलं की वेळेमुळे त्याला वेगळा वास येतो, विशेषतः मुलाकडून मुलीला गेलं तर. आणि मोठा परिच्छेद नाही. आठवडाभर जे दोघं दोन-तीन ओळींत बोलत होते, त्यांच्यात अचानक पंधरा ओळी आल्या की वाचणाऱ्याला तितकंच मोठं उत्तर देण्याचं ओझं वाटतं. भेटीआधी मेसेज जेवढे होते, त्याच्या आसपासच राहावं, फार तर थोडं जास्त.

आता त्याची बाजू. तो आधी घरी पोचलाय. "पोचलीस का?" हे त्यानं विचारावं का? विचारावं, एकदाच, आणि तिला पोचायला लागणारा वेळ धरून. डेक्कनहून पिंपरी, मध्ये मेट्रो बदलायची, स्टेशनवरून घर. तासभर लागणार हे त्याला माहीत आहे. दहाला एक, सव्वादहाला एक आणि साडेदहाला नुसतं प्रश्नचिन्ह, असं झालं की काळजीचा पहारा होतो. मेसेजला दोन करड्या टिका दिसल्या म्हणजे तो फोनवर पोचला, एवढंच कळतं. फोन पर्समध्ये असेल. निळ्या टिका दिसल्या तरी वाचून मग सावकाश उत्तर देणारी माणसं असतात. व्हॉट्सॲपनं 2014 मध्ये या निळ्या टिका आणल्या, तेव्हापासून 'वाचलं पण उत्तर दिलं नाही' ही एक नवी व्यथा तयार झाली. पहिल्या रात्री तिला मनावर न घेतलेलंच बरं.

तिचा मेसेज आल्यावर त्यानं लिहिलं: "बरं झालं. मलाही फार छान वाटलं. राजापूरची गंगा डोक्यातून जात नाहीये. उशिराबद्दल परत सॉरी. शुभ रात्री." त्यानं तिच्याच मापात उत्तर दिलं, तिच्या गोष्टीतला तुकडा उचलला आणि रात्र संपवली. 'शुभ रात्री' इथे फार उपयोगाचं आहे, कारण आता कुणालाच पुढचं वाक्य शोधत बसावं लागत नाही. गप्पा पुन्हा सुरू झाल्या आणि दोघांना हव्या असतील तर त्यात वाईट काही नाही, पण एकानं ताणत राहायचं आणि दुसऱ्यानं जांभया देत 'हम्म' लिहायचं, यात संध्याकाळची गोडी कमी होते.

उत्तर नुसतं "हो." असं आलं तर? न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना असे मेसेज दाखवले होते. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला की ते वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तेव्हा असा फरक पडला नाही. म्हणजे लिहिताना पूर्णविराम, नुसता अंगठा किंवा जोडलेले हात टाकण्याआधी थोडा विचार करावा. वाचणाऱ्यानं मात्र उलट्या टोकाला जाऊ नये. समोरचं माणूस आधीपासून कसं लिहितं, ते वर सरकवून बघावं. आठवडाभर तो प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम देतच असेल, तर आजच्या पूर्णविरामात काही दडलेलं नाही. सूर बदलला की नाही, हे त्या माणसाच्या नेहमीच्या सुराशी ताडून कळतं, आपल्या सुराशी ताडून नाही.

दुसरा दिवस उजाडला. इथे एक जुना समज आडवा येतो: लगेच मेसेज करू नये, किंमत कमी होते. 1995 च्या 'द रूल्स' या अमेरिकी पुस्तकानं बायकांना स्वतःहून फोन करू नका असं शिकवलं, आणि 1996 च्या 'स्विंगर्स' चित्रपटात पुरुष किती दिवस थांबायचं यावर चर्चा करतात. तिकडून मालिकांतून, रील्समधून हे आपल्याकडेही झिरपलं. त्याच्या बाजूनं एक खरा पुरावा आहे, तो लपवू नये. 2011 मध्ये एरिन व्हिटचर्च, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी विद्यार्थिनींना सांगितलं की काही तरुणांनी तुमची फेसबुक प्रोफाइल पाहिली आहे. ज्यांना 'तुम्ही त्यांना खूप आवडलात' असं कळलं, त्यांच्यापेक्षा ज्यांना 'आवडलात की नाही हे नक्की सांगता येत नाही' असं कळलं, त्या तरुणांकडे जास्त ओढल्या गेल्या. पण त्या मुली त्या तरुणांना भेटल्याच नव्हत्या. कागदावरची अनिश्चितता कुतूहल जागवते. दोन तास समोर बसून आजोळच्या गोष्टी सांगितल्यावर आलेली शांतता कुतूहल जागवत नाही, तिचा अर्थ नकार असाच लावला जातो. आणि वर म्हटल्याप्रमाणे, आपण आवडलो नाही असं मानायला माणूस तयारच असतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी लिहावं. सकाळी सातला नको. त्या वेळी फॅमिली ग्रुपवर फुलांचे आणि सुविचारांचे सुप्रभात येत असतात, त्यांच्या रांगेत आपला मेसेज उभा राहू नये. रविवार असेल तर अकरा-बाराच्या पुढे, कामाचा दिवस असेल तर जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी. कोणी लिहायचं याला नियम नसावा. मुलीनं आधी लिहिलं तर ती 'फारच पुढे' आहे असं मनात आणणारी माणसं अजून आहेत, हे खरं. पण असं मनात आणणारा माणूस दुसऱ्याच दिवशी कळला, तर तेही तिच्या फायद्याचंच.

आपल्या उदाहरणात दुपारी बाराला त्यानं लिहायला घेतलं. पहिला मसुदा: "हाय, कालचा दिवस कसा वाटला? तुझा काय विचार आहे?" रात्री गंगेबद्दल लिहिणारा माणूस सकाळी एकदम मुलाखत घेणारा झाला. प्रश्न असा टाकला की तिनं आधी सगळं उघडं करायचं आणि त्यानं ऐकून मग ठरवायचं. दुसरा मसुदा: "परत भेटायला आवडेल, पण तुला वेळ असेल तरच, काही घाई नाही, नाही जमलं तरी काही हरकत नाही." समोरच्याला मोकळीक देण्याच्या नादात स्वतःची इच्छाच पुसून टाकली. मोकळीक एकदाच द्यावी, ती पुरते.

पाठवला तो असा: "सकाळी पोहायला गेलो होतो, आज अर्धी रुंदी पार केली, त्या पोरांपैकी दोघं साक्षीला होती! काल बोलायला खरंच आवडलं. पुढच्या शनिवारी किंवा रविवारी सकाळी तळजाईला चालायला जायचं का? नंतर नाश्ता. तुला सोयीचं नसेल तर दुसरं काहीतरी ठरवू."

कालच्या गोष्टीचा धागा पुढे आलाय, म्हणजे सूर तोच राहिला. त्यानं आपली इच्छा आधी सांगितली, मग विचारलं. आणि दिवस, वेळ, जागा असं काहीतरी धरण्याजोगं ठेवलं. 'कधीतरी भेटू' याला 'हो, नक्की' एवढंच उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. शनिवार की रविवार याला मात्र खरं उत्तर द्यावं लागतं.

ओळख विवाहसंस्थेच्या साइटवरून झालेली असेल तर दुसऱ्या दिवशी एक तिसरा आवाज येतो. शनिवारी कॅफेत भेट झाली की रविवारी चहाला आई विचारते, "मग, काय कळवायचं त्यांना?" पूर्वी कांदेपोह्यांनंतर निरोप मोठ्यांमार्फत जायचा. आता मुलंमुली आधी एकटी भेटतात, पण होकार-नकाराची घाई घरात तशीच आहे. यामुळे दुसऱ्या दिवशीचा मेसेज अनेकदा बिचकलेला असतो: "घरी काय सांगू?" वाचणाऱ्याला वाटतं, याला मी हवी आहे की याच्या घरच्यांना उत्तर हवंय? मी म्हणेन, आधी एकमेकांशी बोलावं, मग घरी सांगावं, आणि मेसेजमध्ये ते स्पष्ट लिहावं: "घरी विचारताहेत. मला तुम्हाला अजून एक-दोनदा भेटून मग त्यांच्याशी बोलायला आवडेल. तुम्हाला चालेल का?" इथे 'तुम्ही'नं काही बिघडत नाही. यात समोरच्याला आपल्यावर दडपण नाही हे कळतं, आणि आईलाही सांगता येतं की आम्ही अजून भेटतोय.

आणि मन नसेल तर? मग रात्रीच्या मेसेजमध्ये 'नक्की भेटू' लिहू नये. "पोचले, धन्यवाद, शुभ रात्री" एवढं पुरतं. त्यात सभ्यता आहे आणि खोटं आश्वासन नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गप्प बसण्यापेक्षा दोन ओळी लिहाव्यात: "काल भेटून बरं वाटलं. पण मला आपल्यात पुढे जावंसं वाटत नाहीये. तुला शुभेच्छा." कारणं द्यायची नाहीत. 'कामाचा व्याप आहे' म्हटलं तर समोरचा व्याप संपायची वाट बघतो. 'घरचे नाही म्हणताहेत' म्हटलं तर तो घरच्यांना पटवायला निघतो. याला उत्तर एकच असावं: "सांगितलंस ते बरं केलंस. तुलाही शुभेच्छा." 'पण का?' विचारावंसं वाटणार, दुखणारही. ते आपल्या मित्राला सांगावं, तिला नाही. स्पष्ट नकारानंतर पुरुषानं बाईला पुन्हा पुन्हा मेसेज करत राहणं हा आपल्याकडे पाठलागाचा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं 78 वं कलम त्याबद्दलच आहे. अर्थात जिथे असा नकार देण्यानंही धोका वाटतो, तिथे काही न लिहिता ब्लॉक करणं योग्यच.

राहता राहिलं ते मधलं उत्तर, ज्यानं माणसं सगळ्यात जास्त गोंधळतात. तळजाईच्या प्रश्नाला तिच्याकडून "या वीकेंडला नाही जमणार" आलं तर पुढचं वाक्य बघायचं. "बहिणीकडे साताऱ्याला जातेय, बुधवारी संध्याकाळी चालेल का?" असं असेल तर ती दार उघडं ठेवतेय. दुसरा दिवस सुचवला नसेल तर त्यानं एकदा म्हणावं, "बरं, तुला कधी सोयीचं ते सांग," आणि थांबावं. उत्तरच आलं नाही तर दोन-तीन दिवसांनी एक साधा मेसेज चालतो, कारण फोन खरंच पडतात आणि घरात आजारपणं खरंच येतात. त्यालाही उत्तर नसेल तर ते नाही म्हणूनच वाचावं. या उदाहरणातल्या तिनं संध्याकाळी पाचला लिहिलं, "रविवार. पण सहाला नाही हं, सातला. आणि अर्धी रुंदी म्हणजे नक्की किती हात?"